निफ्टी किती खाली जाणार नाही, याचा सौदा

शेअर बाजारात पैसे लावणारा माणूस बहुतेक वेळा एकाच प्रश्नाच्या मागे असतो : भाव वर किती जाणार? बुल पुट स्प्रेड विकणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. निर्देशांक वर जावा, जागच्या जागी रेंगाळावा, थोडा खाली आला तरी हरकत नाही. फक्त अमुक तारखेपर्यंत तो अमुक पातळीच्या खाली जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं. हे मागणं माफक वाटतं, म्हणूनच या सौद्याची भुरळ पडते. पण माफक मागण्याला मोबदलाही माफक मिळतो, आणि मागणं पुरं झालं नाही तर जाणारा पैसा मोबदल्याच्या कितीतरी पट असतो. या सौद्यातली सगळी कारागिरी त्या दोन रकमांचा मेळ घालण्यात आहे.

आधी रचना बघू. पुट ऑप्शन हा एक प्रकारचा विमा आहे. निफ्टी ठरलेल्या पातळीच्या, म्हणजे स्ट्राइकच्या खाली गेला तर जेवढा खाली जाईल तेवढी भरपाई पुट विकत घेणाऱ्याला मिळते. त्यासाठी तो विकणाऱ्याला प्रीमियम देतो. नुसता पुट विकणारा म्हणजे एकट्याच्या जिवावर सगळ्या गावाचा विमा उतरवणारा. बुल पुट स्प्रेडमध्ये तो आणखी खालच्या स्ट्राइकचा पुट स्वतः विकत घेतो, म्हणजे विमा कंपन्या करतात तसा पुनर्विमा करून ठेवतो. वरच्या पुटचा मिळालेला प्रीमियम वजा खालच्या पुटला दिलेला प्रीमियम ही त्याची जास्तीत जास्त कमाई. दोन स्ट्राइकमधलं अंतर वजा ही कमाई, हा त्याचा जास्तीत जास्त तोटा. दोन्ही आकडे पहिल्या दिवशीच कागदावर लिहिता येतात.

समजण्यासाठी एक काल्पनिक पण बाजाराला धरून असलेलं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. निफ्टी 25,000 वर आहे, मासिक एक्स्पायरीला तीस दिवस आहेत, बाजार तसा शांत आहे. 24,300 चा पुट 120 रुपयांना विकला, 24,000 चा पुट 76 रुपयांना घेतला. हाती आले 44 रुपये. अंतर 300, तेव्हा तोटा जास्तीत जास्त 256. निफ्टीचा लॉट 65 चा धरला तर एका लॉटमागे कमाई 2,860 रुपये आणि जोखीम 16,640 रुपये. (लॉटचा आकडा एक्सचेंज बदलत असतं. 2024 च्या मध्यात तो 25 होता, त्याच वर्षाच्या अखेरीस 75 झाला. जुना लेख वाचून हिशेब करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.) एक्स्पायरीला निफ्टी 24,300 च्या वर असेल तर पूर्ण 44 रुपये आपले; 24,256 ला ना नफा ना तोटा; 24,000 किंवा त्याखाली पूर्ण तोटा. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे समोरचा मुदतीपूर्वी हक्क बजावून आपल्याला अडचणीत आणू शकत नाही, आणि शेवटचा हिशेब रोखीत होतो.

आता खरा प्रश्न : 24,300 च का?

इथे डेल्टा कामाला येतो. निफ्टी एका अंशाने हलला की ऑप्शनचा भाव किती हलेल, हे डेल्टा सांगतो. पुटचा डेल्टा ऋण असतो. व्यवहारात ते चिन्ह गाळून बोलतात. 24,300 च्या पुटचा डेल्टा 0.20 आहे याचा अर्थ निफ्टी शंभर अंश पडला तर हा पुट साधारण वीस रुपयांनी महागेल. याच आकड्याचा दुसरा उपयोग विकणाऱ्याला जास्त भावतो : एक्स्पायरीला निफ्टी त्या स्ट्राइकच्या खाली असण्याची, बाजारभावातून निघणारी शक्यता ढोबळमानाने डेल्टाएवढीच असते. 0.20 म्हणजे पाचात एकदा. म्हणून विकायच्या पुटसाठी 0.15 ते 0.25 हा पट्टा बरेच जण धरतात. त्याच्या वर गेलं तर प्रीमियम भरघोस पण झोप उडते, खाली गेलं तर झोप चांगली लागते पण मिळत काही नाही.

पण पाचात एकदा हे उत्तर एक्स्पायरीच्या दिवसाचं आहे. त्याआधीच्या तीस दिवसांत निफ्टी कधीतरी 24,300 ला शिवून जाण्याची शक्यता याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे पाचात दोनदा असते. नवखा माणूस ऐंशी टक्के यशाच्या भरवशावर बसलेला असतो आणि दर दोन-तीन सौद्यांत एकदा निफ्टी त्याच्या स्ट्राइकच्या दारात येऊन उभा राहतो. तेव्हा तो घाबरून बाहेर पडतो आणि म्हणतो, डेल्टा खोटा. डेल्टा खोटा नसतो, त्याला प्रश्न वेगळा विचारलेला असतो.

डेल्टाचा मोठा गुण असा की तो बाजाराच्या भीतीप्रमाणे आपोआप सरकतो. इंडिया व्हिक्स 13 च्या आसपास असताना 0.20 डेल्टाचा पुट 24,300 ला सापडत असेल, तर व्हिक्स 20 वर गेल्यावर तोच डेल्टा 23,900 च्या आसपास सापडेल. म्हणजे वादळात आपण आपोआप किनाऱ्यापासून लांब जातो. नेहमी सातशे अंश खालचा स्ट्राइक विकायचा, असा ठोक नियम करणाऱ्याला हे साधत नाही. डेल्टाचा दोष याच गुणाला चिकटलेला आहे : त्याला चार्ट दिसत नाही. मागच्या दोन महिन्यांत निफ्टी कुठून उसळला, लोकांची खरेदी कुठे उभी आहे, यातलं काही त्याच्या गणितात नसतं.

म्हणून दुसरा निकष सपोर्टचा. आधार पातळी म्हणजे जिथे भाव येऊन एकापेक्षा अधिक वेळा थांबला आणि परत फिरला ती जागा. मी ती रेषा न मानता पट्टा मानतो. निफ्टीसारख्या निर्देशांकात शंभर-दीडशे अंशांचा पट्टा सहज होतो. मागचे दोन-तीन तळ, आधी जिथे भाव अडत होता आणि नंतर ओलांडला ती जागा, दोनशे दिवसांची सरासरी यांपैकी दोन गोष्टी एकाच पट्ट्यात येत असतील तर त्या पट्ट्याला वजन द्यावं. ऑप्शन चेनमध्ये एखाद्या स्ट्राइकवर पुटचा ओपन इंटरेस्ट सर्वांत जास्त आहे म्हणून तोच आधार, असं टीव्हीवर रोज सांगतात. त्यात तथ्य आहे, पण ते पुट विकणारे आपल्यासारखेच लोक असतात आणि भाव तिथे पोचला की तेच सगळ्यांत आधी पळतात.

आपल्या उदाहरणात समजा 24,350 ते 24,450 या पट्ट्यातून निफ्टी दोनदा उसळलेला आहे. डेल्टाने दाखवलेला 24,300 त्या पट्ट्याच्या लगेच खाली येतो. हा जुळलेला सौदा. स्ट्राइक आधाराच्या खाली हवा, आधारावर नको, कारण आधाराची परीक्षा होताना भाव थोडा खाली डोकावून परत येतो आणि तेवढी जागा आपल्याला हवी असते.

दोन्ही जुळत नसतील तेव्हा माणसाची परीक्षा असते. आधार 24,800 ला असेल तर त्याच्या खालच्या पुटचा डेल्टा 0.35 च्या घरात निघेल. चार्ट कितीही देखणा असला तरी बाजार सांगतोय की ही पातळी तीनात एकदा तुटते. मी चार्टचं ऐकत नाही. उलट पहिला भक्कम आधार 23,500 ला असेल तर तिथला डेल्टा 0.07, आणि 23,500-23,200 च्या स्प्रेडला जेमतेम पंधरा रुपये मिळतात. पंधरासाठी 285 रुपये पणाला लावणं हा व्यापार नव्हे. अशा वेळी सौदा न करणं हाही निर्णय आहे, आणि तो घेणाऱ्याला दलाली पडत नाही.

सौदा घालताना क्रम महत्त्वाचा. आधी 24,000 चा पुट विकत घ्यायचा, मग 24,300 चा विकायचा. उलट केलं तर मधल्या क्षणी उघड्या विक्रीचं मार्जिन लागतं, ते लाखाच्या पुढे जातं आणि ऑर्डर नाकारली जाते. खरेदी आधी असली की मार्जिन बरंच उतरतं, तरी ते कमाल तोट्याच्या आकड्यापेक्षा जास्त असू शकतं; 16,640 रुपयांची जोखीम आहे म्हणून खात्यात तेवढेच ठेवून चालत नाही. बाहेर पडताना क्रम उलटा : आधी विकलेला पुट परत घ्यायचा, मग घेतलेला विकायचा. दोन्ही वेळा लिमिट ऑर्डरच. लांबच्या पुटमध्ये खरेदी-विक्रीच्या भावात दोन-तीन रुपयांची फट असते, आणि 44 रुपयांच्या सौद्यात दोन्ही टोकांना तेवढी फट खाऊ दिली तर नफ्याचा मोठा तुकडा तिथेच जातो.

आता मुख्य भाग : बाहेर कधी पडायचं.

बारा दिवस गेले. निफ्टी 25,150 वर आहे. 24,300 चा पुट 48 वर उतरलाय, 24,000 चा 26 वर. आपण 44 ला विकलेला स्प्रेड 22 ला परत मिळतोय. निम्मी कमाई हाती आली आणि अजून अठरा दिवस बाकी आहेत. अमेरिकेतल्या टेस्टीट्रेड या मंडळींनी जो नियम लोकप्रिय केला, तो इथे सांगतो की पैसे घ्या आणि निघा. बऱ्याच जणांना हे पटत नाही. एवढं सगळं आपल्या बाजूने चाललंय, उरलेले 22 का सोडायचे?

याचं उत्तर मिळवायचं तर सौदा विसरून जावा आणि आजच्या भावाकडे नव्याने बघावं. आज हा स्प्रेड धरून ठेवणं म्हणजे आज तो 22 ला नव्याने विकण्यासारखंच आहे. 22 मिळवण्यासाठी 278 पणाला. पहिल्या दिवशी 44 साठी 256 होते. कोणी आज हा सौदा घेऊन आला असता तर आपण नाकारला असता. मग आधीपासून हातात आहे एवढ्याच कारणाने तो का ठेवायचा? शिवाय मुदत जवळ येते तसा ऑप्शनचा स्वभाव तिखट होतो. महिनाभर आधी निफ्टी दोनशे अंश पडला तर स्प्रेड थोडा हलतो. शेवटच्या दोन दिवसांत निफ्टी स्ट्राइकजवळ असेल तर तेच दोनशे अंश पूर्ण नफ्याचं मोठ्या तोट्यात रूपांतर करतात. जाणकार याला गॅमा म्हणतात. त्यामुळे नफा आला नाही तरी एक्स्पायरीच्या आठवड्याआधी मोकळं व्हावं, या मताचा मी आहे.

पण निम्म्यावर बाहेर पडल्याने काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच सगळ्यांत जास्त फसगत होते. शेवटपर्यंत धरायचं ठरवलं तर 44 मिळतात किंवा 256 जातात. मधल्या शक्यता सोडून दिल्या तर बरोबरीत राहायला शंभरात पंच्याऐंशी सौदे जिंकावे लागतात. आता निम्म्यावर, म्हणजे 22 वर नफा घ्यायचा आणि स्प्रेडचा भाव दुप्पट, म्हणजे 88 झाला की 44 तोटा सोसून निघायचं, असं ठरवलं. बरोबरीसाठी आता शंभरात सदुसष्ट सौदे पुरतात. ऐकायला छान वाटतं. पण बाजाराने ऑप्शनची किंमत अचूक लावलेली असेल तर 44 तोट्याच्या आधी 22 नफा येण्याची शक्यताही नेमकी सदुसष्ट टक्केच निघते. म्हणजे बाहेर पडण्याचा नियम कितीही हुशारीने लिहिला तरी तो स्वतः पैसे निर्माण करत नाही. तो फक्त तोट्या-नफ्याचे आकार बदलतो, भांडवल लवकर मोकळं करतो आणि शेवटचे तिखट दिवस टाळतो.

मग फायदा येतो कुठून? लोक पडझडीच्या भीतीने पुटसाठी थोडे जास्त पैसे मोजतात, निर्देशांक प्रत्यक्षात जेवढा हलतो त्यापेक्षा ऑप्शनच्या भावात गृहीत धरलेली हालचाल बहुतेक काळ थोडी जास्त असते, आणि निर्देशांकाचा लांबचा कल वरचा असतो. एवढीच शिदोरी. ती पातळ आहे. एका लॉटवर 22 रुपये म्हणजे 1,430 रुपये. त्यातून चार ऑर्डरची दलाली, तिच्यावरचा जीएसटी, विक्रीवरचा एसटीटी आणि एक्सचेंजचे आकार मिळून शंभर-दीडशे रुपये सहज जातात. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात निघाले. त्यात खरेदी करणारे होते तसे विकणारेही होते.

तोट्याच्या बाजूचा नियम पाळणं किती अवघड असतं, तेही याच उदाहरणात दिसतं. समजा दहा दिवसांतच निफ्टी 24,450 वर आला आणि बाजारात भीती वाढली. आधाराचा पट्टा अजून तुटलेला नाही. खरं तर निफ्टी नुकताच त्याच्या वरच्या टोकाला पोचलाय. पण 24,300 चा पुट 280 झालाय, 24,000 चा 188, आणि स्प्रेड 92. विकलेल्या पुटचा डेल्टा 0.20 वरून 0.40 झाला. पैशाचा नियम म्हणतोय निघा, चार्ट म्हणतोय थांबा, आता तर उसळी येईल. सौदा घालायच्या आधीच यातला कोण मोठा हे लिहून ठेवलेलं नसेल तर माणूस ज्या बाजूने आशा दिसते तिकडे झुकतो. माझा कौल पैशाच्या नियमाला, कारण आधार खरंच तुटला की स्प्रेड 92 वर थांबत नाही. चार्टचा नियम पाळणारेही आहेत. दिवसाचा बंद पट्ट्याखाली गेला तरच ते निघतात. त्यांनी मग तोटा 44 चा न धरता दीडशेचा धरून लॉट कमी घ्यावेत.

4 जून 2024 हा दिवस या वादात दोन्ही पक्षांना उपयोगी पडतो. मतदानोत्तर अंदाजांच्या उत्साहात 3 जूनला निफ्टी 733 अंश चढून 23,264 ला बंद झाला. मेअखेरचे तळ 22,400-22,500 च्या पट्ट्यात होते, तेव्हा त्यांच्या खाली 22,300 चा पुट विकून 22,000 चा घेणं नियमात बसत होतं, आणि व्हिक्स चढलेला असल्याने प्रीमियमही बरा होता. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत निफ्टी 21,281 पर्यंत कोसळला आणि 21,884 ला बंद झाला, दोन्ही स्ट्राइकच्या खाली. मुदत बाकी असताना असा स्प्रेड पूर्ण 300 होत नाही, पण दुप्पटीची मर्यादा केव्हाच मागे पडते. नियम पाळणारा मोठा तोटा घेऊन बाहेर पडला. 5 जूनला निफ्टी 22,620 वर आला, 7 जूनला 3 जूनच्या पातळीच्या वर गेला आणि 27 जूनच्या एक्स्पायरीला 24,000 ओलांडून बंद झाला. म्हणजे काहीही न करता बसलेल्याला पूर्ण प्रीमियम मिळाला. या एका प्रसंगावरून बसून राहण्याचा धडा घेतलेले लोक मला माहीत आहेत. त्यांनी मार्च 2020 चा चार्ट उघडून बघावा : 23 मार्चला निफ्टी एका दिवसात 13 टक्के पडला, तोही आधीच्या कित्येक सत्रांच्या घसरणीवर. माझ्या मते जूनमधली चूक 4 तारखेची नव्हतीच. निकालाच्या आदल्या दिवशी, एवढ्या उडीनंतर, तळाचा पट्टा आठशे अंश खाली असताना पूर्ण आकाराचा सौदा घालणं ही ती चूक.

स्टॉपलॉस रात्री काम करत नाही, हीही गोष्ट त्यालाच जोडून येते. 4 एप्रिल 2025 ला, शुक्रवारी, निफ्टी 22,904 ला बंद झाला. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धक्क्यानंतर सोमवारी 7 एप्रिलला तो उघडलाच 21,758 ला. मधले अकराशे अंश कुठल्याही भावाने उपलब्ध नव्हते. 88 ला निघायचं ठरवलेल्याला पहिला भाव दोनशेच्या वर दिसला असेल, आणि त्यातही खरेदी-विक्रीची फट रुंद. अशा सकाळी खालचा, विकत घेतलेला पुट हाच एकमेव विश्वासू स्टॉपलॉस. स्वस्तात पडेल म्हणून तो हजार अंश लांब घेणाऱ्यांना त्या दिवशी त्याचा उपयोग फार उशिरा झाला.

त्यामुळे लॉट ठरवताना 44 च्या तोट्याचा आकडा धरू नये, 256 चा धरावा. पाच लाखांचं भांडवल असेल आणि एका सौद्यात त्याच्या चार टक्क्यांहून अधिक, म्हणजे वीस हजारांहून अधिक घालवायचे नसतील, तर 16,640 रुपये जोखमीचा एकच लॉट बसतो. मार्जिन दहा लॉटचं उपलब्ध आहे, असं ब्रोकरचं अ‍ॅप सांगेल. ते दहा लॉट कोसळत्या सोमवारी 1,66,400 रुपये नेतात, आणि निम्म्यावर नफा घेणाऱ्याला तेवढे परत मिळवायला दहा-दहा लॉटचे बारा यशस्वी सौदे सलग लागतात.